ती पकड तुम्ही जवळून पाहिली आहे, तेच लिहा

सर, सप्रेम नमस्कार.
मंडईच्या जत्रेनिमित्त झालेल्या कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमचा संघ एका गुणाने हरला. शेवटच्या मिनिटात आम्ही ३०–२९ असे पुढे होतो, त्यांचे तीनच गडी मैदानात होते आणि चढाईला मी गेलो. डाव्या कोपऱ्यावरच्या माझ्या मित्राने माझा घोटा धरला, बाकीचे दोघे धावून आले आणि अव्वल पकडीचे दोन गुण त्यांना मिळाले. हा मित्र पाचवीपासून माझ्याबरोबर शिकतो आहे आणि आजही आम्ही एकाच गाडीवर कॉलेजला जातो. हरल्याचे रडू आले, पण तो जिंकल्याचा आनंदही खरा आहे. तरी अभिनंदनाचा मेसेज लिहितो आणि खोडतो. आमची पोरे म्हणतात की पहिल्या डावात त्यांना मिळालेला एक बोनस चुकीचा होता आणि आता कौतुक केले तर मी फितूर ठरेन. शेवटचा मसुदा असा आहे: ‘भावा, अभिनंदन. सगळे छान खेळलात. मी आत जायलाच नको होते, वेळ काढला असता तर आम्ही जिंकलो असतो. बोनसचे जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू.’ हा पाठवू का?
— एक चढाईपटू, तालुका साकोली, जिल्हा भंडारा

नमस्कार.

हा मसुदा पाठवू नका. तुमच्या मनात खोट आहे असे मला वाटत नाही, पण मनात जे आहे ते या मसुद्यात उतरलेले नाही. तुमच्या मित्राच्या खेळाविषयी त्यात एकच वाक्य आहे, तेही ‘सगळे छान खेळलात’ असे अनेकवचनी आणि मोघम. बाकीचा मजकूर तुमच्याविषयी, पंचांविषयी आणि पुढच्या वर्षाविषयी आहे. वाचताना त्याला पहिल्या शब्दाचा आनंद होईल आणि उरलेला मजकूर तो मुकाट्याने गिळेल.

सर्वांत अवघड वाक्य बोनसचे असेल असे तुम्हाला वाटत असावे, कारण गावात चर्चा त्याचीच चालली आहे. माझ्या मते जास्त बोचणारे वाक्य ‘मी आत जायलाच नको होते’ हे आहे. कबड्डीच्या हिशेबाने ते चुकीचे नाही. एका गुणाची आघाडी होती आणि मिनिटाहून कमी वेळ उरला होता. समोर तीनच गडी असल्यामुळे बोनसचा प्रश्नच नव्हता, कारण बोनससाठी समोर किमान सहा गडी लागतात. अशा वेळी चढाईपटूने मैदानातली निदानरेषा एकदा ओलांडावी, तीस सेकंदांपैकी होतील तितकी खर्च करावीत आणि हात न लावता मध्यरेषेवर परत यावे, असे कोणताही प्रशिक्षक सांगेल. तुमच्या प्रशिक्षकांनीही ते बाहेरून ओरडून सांगितले असेल आणि लाउडस्पीकरच्या समालोचनात ते तुम्हाला ऐकू आले नसेल.

पण हेच वाक्य जिंकलेल्या माणसाला पाठवले की त्याचा अर्थ बदलतो. तुम्ही स्वतःला दोष देत आहात असे तुम्हाला वाटते, आणि तो मात्र वाचतो की विजय त्याने मिळवला नाही, तुमच्या चुकीमुळे तो त्याच्या पदरात पडला. हरलेल्या माणसाचा नम्रपणा पुष्कळदा असा उलटा बसतो, आणि गंमत अशी की लिहिणाऱ्याला तो नम्रपणाच वाटत राहतो. ‘आज माझा दिवसच नव्हता’, ‘गुडघा दुखत होता’, ‘धान कापणीमुळे सराव झाला नाही’ ही त्याच जातीची वाक्ये आहेत. ती खरी असली तरी या मेसेजमध्ये नकोत. आठ-पंधरा दिवसांनी गाडीवर जाताना आपण होऊन निघतील तेव्हा खुशाल बोला.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. वेळ काढायचा हे माहीत असताना तुम्ही आत का गेलात? मी बरीच वर्षे गावोगावच्या स्पर्धांत गुणलेखकाच्या टेबलावर बसत आलो आहे आणि अशा चढाया पाहिल्या आहेत. आघाडीवर असलेला चढाईपटू उगीच खोल जात नाही, त्याला काहीतरी आत ओढते. बहुधा कोपऱ्यातला गडी थोडा मागे सरकलेला असतो, त्याच्या आणि मधल्या गड्याच्या मध्ये मोकळी जागा दिसते, आणि एक स्पर्श करून सामना इथेच संपवावा असा मोह होतो. ही मोकळी जागा कधी बचावातली ढिलाई असते, तर कधी ती मुद्दाम ठेवलेली असते. तुमच्या मित्राने ती मुद्दाम ठेवली होती की नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही मात्र आठवून पाहू शकता. तो मागे कधी सरकला, त्याची नजर तुमच्या चेहऱ्यावर होती की पायांवर, आणि तुम्ही वळण्यासाठी कोणता पाय टेकवला तेव्हा त्याने झडप घातली, हे सारे तुमच्या अंगाला माहीत आहे.

दोरीपलीकडच्या लोकांना त्या क्षणी एकावर एक पडलेली माणसे आणि उडालेली माती दिसली. तुमच्या संघातल्या गड्यांना तुमची पाठ दिसली. त्याच्या संघातले दोघे नंतर येऊन पडले, त्यामुळे सुरुवात त्यांनीही नीट पाहिली नसेल. ती पकड कशी घडली, हे पकडणाऱ्याखेरीज नीट ठाऊक असलेला माणूस एकच आहे, आणि तो तुम्ही आहात. गावचे लोक त्याला खांद्यावर घेतील, गुलाल उधळतील, शे-दोनशे मेसेज येतील आणि त्यांतल्या बहुतेकांत ‘अभिनंदन भाऊ’ आणि हारांची चित्रे असतील. त्याने नेमके काय केले हे त्यांतल्या एकातही नसेल. ते तुम्ही लिहू शकता, म्हणून तुमचा मेसेज वेगळा ठरेल.

ते लिहिण्यासाठी घोट्याची पकड किती बारीक हिशेबाची असते, हे क्षणभर त्याच्या बाजूने पाहा. कोपऱ्यातला गडी जरा आधी वाकला तर चढाईपटू पाय उचलून त्याच्यावरून उडी मारून जातो. जरा उशिरा वाकला तर हातात नुसती हवा येते, किंवा ओझरता स्पर्श होऊन तोच बाद होतो. चढाईपटूचा भार त्या पायावर पडलेला असेल, म्हणजे तो वळण्याच्या बेतात असेल, तेवढ्यापुरताच पाय जागचा हलत नाही. तेवढ्यात घोटा धरायचा आणि मदत येईपर्यंत सोडायचा नाही. वजनाने भारी चढाईपटूला एका कोपऱ्याने एकट्याने धरून ठेवणे फार कठीण असते, म्हणून बाकीचे दोघे लगेच आले नसते तर तुम्ही त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत गेला असता.

त्याहून मोठी गोष्ट त्याने पत्करलेल्या धोक्याची आहे. मैदानात तिघेच उरलेले असताना पकडले म्हणून त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळाले, हे सगळ्यांनी पाहिले. पण तिघेही तुमच्या अंगाला लागलेले असताना तुमचा हात मध्यरेषेपलीकडे पोहोचला असता, तर तिघेही बाद झाले असते. तुम्हाला तीन गुण मिळाले असते, सगळा संघ बाद झाल्यामुळे लोणाचे आणखी दोन मिळाले असते, आणि ३०–२९ चे ३५–२९ झाले असते. म्हणजे सामना तिथेच संपला असता, आणि पुढची सारी मंडई ‘कशाला हात घातलास?’ हे त्याला ऐकावे लागले असते. त्याने हात घातला नसता तर तुम्ही वेळ काढून परत आला असता, त्यांना कदाचित एखादी शेवटची चढाई मिळाली असती, आणि ती हुकली तर दोष त्या चढाईपटूवर गेला असता. त्याने तो दोष स्वतःवर येण्याची तयारी ठेवली. चढाईपटू म्हणून तुम्हाला या धैर्याची किंमत कळते, आणि ते तुम्ही लिहिले तर त्याला ते पाठीवर पडलेल्या कोणत्याही थापेपेक्षा जास्त आवडेल.

बोनसविषयी. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत होता की जमिनीला लागलेला होता, हा वाद प्रत्येक गावात होतो, कारण फक्कीची रेषा धुरळ्यात पुसट होते आणि प्रेक्षक तिरप्या कोनातून पाहत असतात. तक्रार असेल तर कर्णधाराने तिथल्या तिथे पंचांकडे करायची असते, पंचांचे एकमत नसेल तर सामन्याचे सरपंच ठरवतात आणि खेळ पुढे जातो. तुमच्या बाबतीतही तो पुढे गेला, आणि त्यानंतर उरलेला पहिला डाव व संपूर्ण दुसरा डाव खेळून तुम्ही आघाडीवर आला होता. मेसेजमध्ये बोनसचा उल्लेख अजिबात करू नका. ‘जाऊ दे’ म्हणत तर मुळीच नको, कारण ‘जाऊ दे’ म्हणणारा माणूस काय जाऊ देतो आहे हे आधी सांगत असतो. मित्राने स्वतःच विषय काढला तर ‘मला बाहेरून नीट दिसले नाही, पंचांनी दिला म्हणजे तुमचा’ एवढे पुरे. तुम्हाला खरोखरच नीट दिसले असेल आणि मागचा पाय टेकलेला होता याची खात्री असेल, तर तेही कधीतरी समोरासमोर सांगता येईल, पण अभिनंदनाच्या दिवशी नाही.

‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य थट्टेत चालते आणि तुमची मैत्री पाहता तो ते हसून वाचेलही. तरी मी ते काढीन. आजचा सामना त्याचा आहे, त्याला एक दिवस तरी पुढच्या वर्षाशिवाय राहू द्या. त्याऐवजी मेसेजच्या शेवटी एखादा खरा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला खरोखर हवे आहे. जिंकलेल्या माणसाला आपले कसब समजावून सांगायला मिळाले की त्याचा आनंद दुणावतो, आणि तुमचाही फायदा आहे, कारण पुढच्या मोसमात समोर असे कोपरे आणखी येतील.

आपल्या दुःखाचे काय करायचे, हा प्रश्न राहतो. ते पूर्ण लपवू नका. पाचवीपासूनच्या मित्राला तुम्ही हरूनही नुसते उड्या मारत आहात हे पटणार नाही, आणि ते पटले नाही की बाकीच्या कौतुकावरही त्याचा विश्वास बसणार नाही. एका छोट्या वाक्यात वाईट वाटल्याचे सांगा, आणि ते मेसेजच्या मधोमध ठेवा. सुरुवातीला ठेवले तर तो आधी तुमची समजूत घालू लागेल, आणि शेवटी ठेवले तर तेच त्याच्या मनात राहील.

तुम्ही दोघे एकमेकांशी ज्या बोलीत बोलता त्याच बोलीत लिहा. ‘आपल्या दैदीप्यमान यशाबद्दल हार्दिक शुभेच्छा’ हे चौकातल्या फलकावर ठीक आहे, तुमच्याकडून आले तर तो विचारेल की फोन कुणाच्या हातात आहे. मी तुमच्या पत्रावरून अंदाजाने असा मेसेज लिहिला आहे. पकडीचा तपशील तुम्ही आपल्या आठवणीप्रमाणे बदला, कारण तो खरा नसेल तर बाकी सगळे फुकट आहे.

‘काय पकड मारली बे! तू मागं सरकला तेव्हा मला वाटलं कोपरा मोकळा आहे. वळायला पाय टेकवला तसा तू घोट्यावरच होता. जरासा आधी आला असता तर मी उडी मारून निघालो असतो. अन् तिघंच होते तुम्ही. मी सुटलो असतो तर लोण होता, तरी तू हात घातला. मी आतमध्ये होतो म्हणून सांगतो, सामना तू काढला. हरल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण तुझ्या गळ्यात हार पाहून लय मजा आली. मावशीला सांग, उद्या चहाला येतो. मागं सरकणं मुद्दाम होतं का, ते तेव्हा सांगशील.’

यात ‘मी’ बऱ्याच वेळा आला आहे, पण जवळजवळ प्रत्येक वेळी तो मित्राने काय केले हे दाखवण्यासाठी आला आहे. तुमच्या मसुद्यातल्या ‘मी’त आणि या ‘मी’त फरक एवढाच आहे. आपला मेसेज तपासायचा असेल तर मित्राचे नाव झाकून वाचा. तोच मजकूर उपांत्य फेरीत जिंकलेल्या दुसऱ्या कुणालाही पाठवता येत असेल, तर त्यात अजून त्याची पकड आलेली नाही.

मेसेज लगेच पाठवा. सामन्याला काही दिवस होऊन गेले असतील तरी उशिराची सबब लांबवू नका, थेट पकडीपासून सुरुवात करा. उशीर झालेल्या मेसेजमध्ये पहिली तीन वाक्ये माफीची असली की वाचणाऱ्याला तुम्ही इतके दिवस रुसला होता असे वाटू लागते. पाठवायचा तो त्याच्या एकट्याच्या नंबरावर, स्टेटसवर किंवा गटात आधी नाही. स्टेटस सगळ्यांनी पाहावे म्हणून ठेवलेले असते, त्यामुळे त्याला तुमचे कौतुक दुसऱ्या कुणाला दाखवण्यासाठी केल्यासारखे वाटू शकते. मात्र लिहिताना हेही धरून चाला की तो आनंदाच्या भरात त्याचा स्क्रीनशॉट काढून आपल्या संघाच्या गटात टाकेल आणि संध्याकाळपर्यंत तो तुमच्या गावातही पोहोचेल. तसे झाले तरी वर दिलेल्या मजकुरात तुम्हाला मान खाली घालावी लागेल असे काही नाही, कारण त्यात तुमच्या संघातल्या कुणाची उणीदुणी नाहीत आणि पंचांविषयी अवाक्षर नाही. ‘आमचा मधला गडी झोपला होता’ यासारखे एक वाक्य गेले असते, तर पोरांची तक्रार रास्त ठरली असती.

त्या पोरांना समजावत बसू नका. तुम्ही त्यांच्यासाठी शेवटपर्यंत खेळलात, त्यात कसर ठेवली नाही, एवढे त्यांना ठाऊक आहे. गटात कुणी टोमणा मारलाच तर ‘पकड चांगली होती, मी त्याला तसे सांगितले’ असे एकदा लिहा आणि पुढे उत्तर देऊ नका. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ रोजी पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवले आणि आपला नीरज चोप्रा ८९.४५ मीटरवर दुसरा आला, तेव्हा पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावी नीरजच्या आईने, सरोज देवींनी, सुवर्ण जिंकणारा मुलगाही आमचाच आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. दोन देशांच्या बाबतीत ते सहज पचले, तेव्हा शिवेला शीव लागलेल्या दोन गावांच्या बाबतीत पोरांना पचायला फार तर आठवडा लागेल.

त्याच्या गावी मिरवणूक निघणार असेल आणि त्याने बोलावले तर जा, थोडा वेळ थांबा आणि गुलाल लावून घ्या. बोलावले नसेल तर दुसऱ्या दिवशी घरी जाणे बरे, कारण मिरवणुकीत त्याचे सोबती तुमच्याकडे पाहून घोषणा देतील आणि मग त्याला तुमची बाजू घ्यावी की त्यांची, असा पेच पडेल. घरी गेल्यावर बक्षिसाच्या रकमेची चौकशी करू नका, ढाल हातात घेऊन पाहा.

आणि मेसेज पाठवल्यावर उत्तर म्हणून नुसता अंगठा आला, किंवा रात्रभर काहीच आले नाही, तर त्याचा अर्थ काढत बसू नका. जिंकलेल्या घरी त्या दोन दिवसांत पाहुणे असतात, फोन लहान भावंडांच्या हातात फिरत असतो, आणि जो मेसेज नीट वाचायचा असतो त्याला माणूस घाईत उत्तर देत नाही. सोमवारी कॉलेजला जाताना गाडी त्याला चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा, म्हणजे वळणाचा पाय त्याने कसा ओळखला हे सांगायला त्याला साकोलीपर्यंत वेळ मिळेल.